सात वाजताच्या खाली चाळीस

जयंती समितीच्या बैठकीत मी खुर्ची फेकली होती, ही गोष्ट आमच्या गुढियारीत अजून चवीनं सांगतात. सांगताना ती खुर्ची लोखंडाची होते आणि अध्यक्षांच्या डोक्याला चाटून जाते. खरं तर ती प्लास्टिकची होती, आणि मी ती भिंतीवर फेकली. अध्यक्ष त्या भिंतीजवळ बसले होते, हा त्यांचा दोष.

मी शाळेत खेळ शिकवते. वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. दहा-बारा वर्षं मी कबड्डी खेळले. त्या खेळानं मला एक वाकडं बोट दिलं आणि तापट डोकं दिलं. डोकं आधीपासूनच तसं होतं, असं आई म्हणते. जयंतीच्या आठवड्यात आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दरवर्षी कबड्डीचे सामने होतात. मुलांचा अंतिम सामना संध्याकाळी दिव्याखाली आणि मुलींचा सकाळी, झाडलोट चालू असताना, ही तिथली रीत. त्या वर्षी मी समितीशी महिनाभर भांडून मुलींचा अंतिम सामनाही संध्याकाळी सातला ठेवून घेतला होता. आणि मग सामन्याच्या आदल्या दिवशी त्याच समितीसमोर उभी राहून मी म्हणाले, सातला नको; दुसरी कोणती वेळ, हे मलाही अजून ठाऊक नव्हतं.

अध्यक्ष माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचा मंडपाचा धंदा आहे. मनाचा माणूस वाईट नाही, पण समोर माईक असला की चढतो.

"काय मजाक लावला आहे मॅडम? सात पाहिजे, सात पाहिजे म्हणून तुम्हीच आमचं डोकं खाल्लं ना?"

मी मोबाइल पुढे केला. दुसऱ्या दिवशीच्या पावसाचा तासातासाचा अंदाज होता. दुपारी तीनच्या खाली दहा टक्के. चारच्या खाली वीस. सहा, सात आणि आठ, तिन्हींच्या खाली चाळीस. वर हवामान खात्याचा पिवळा इशारा होता : जिल्ह्यात एक-दोन ठिकाणी गडगडाट आणि जोराचा वारा. एप्रिलमध्ये आमच्याकडे हे असंच असतं. दिवसभर जमीन तव्यासारखी तापते आणि दुपार कलली की ढग चढतात.

मग जे सुरू झालं त्यानं माझं डोकं फिरलं. एक सदस्य म्हणाले, चाळीस म्हणजे निम्म्याच्या खाली, म्हणजे पाऊस नाहीच. दुसरे म्हणाले, तासातले चाळीस टक्के म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं पडेल, तेवढा वेळ ताडपत्री टाकू. अध्यक्षांनी या दोघांनाही गप्प केलं.

"अरे, इथं साफ लिहून आहे, एक-दोन ठिकाणी. म्हणजे चाळीस टक्के रायपुरात पडेल, साठ टक्के रायपुरात नाही. आपलं मैदान साठमध्ये आहे. पडला तर कारखान्यांकडे, उरला-बीरगावकडे पडेल, तिकडेच पडते."

"कोणी सांगितलं तुम्हाले, आपण साठमध्ये आहोत म्हणून?" मी विचारलं. "ढगानं चिठ्ठी पाठवली का?"

ती 'एक-दोन ठिकाणी' ही ओळ अख्ख्या जिल्ह्याची आहे आणि चाळीस हा आकडा या जागेचा आहे, हे मी समजावून पाहिलं. अशा दहा संध्याकाळी आल्या तर चारेकदा या मैदानावर पाऊस पडतो, सहादा पडत नाही. उद्याची संध्याकाळ त्या दहांतली एक आहे, पण कोणती, हे कोणालाच ठाऊक नाही. किती पडेल, किती वेळ पडेल, वारा किती येईल, यातलं काहीच तो आकडा सांगत नाही. आणि आपलं मैदान मातीचं आहे. सहाला पाच मिनिटं जरी पडला, तरी सातला तिथं चिखल असणार. म्हणजे सामना बिघडण्याची शक्यता एका तासाच्या चाळीसवर थांबत नाही, थोडी जास्तच होते. ओल्या मातीत चढाई करणाऱ्या पोरीचा गुडघा कसा फिरतो हे मी पाहिलं आहे. आवाजसुद्धा ऐकला आहे.

"बरं, मग सकाळी खेळवा," अध्यक्ष म्हणाले. "पह्यले खेळत होत्या, तशा. पोट्ट्यांचं खेळणं पाहाले तसंही कोण येऊन राहिलं?"

खुर्ची तेव्हा गेली.

सकाळी खेळवता येत नव्हतं, आणि त्याचं कारण समितीला सांगण्यासारखं नव्हतं. कारण होतं माझ्या संघातली एक पोरगी, आणि तिचा बाप.

पोरगी बीरगावची. एकोणिसाव्या वर्षात असेल. अंगानं बारीक, पण पकडीतून अशी निसटायची की समोरच्यांच्या हातात नुसता घाम राहायचा. बाप उरल्याच्या एका कारखान्यात भट्टीवर. मारका माणूस. पोरगी खेळून आली की पट्ट्यानं मारायचा. सरावाला ती लांब बाह्यांचा सदरा घालून यायची, आणि उन्हाळ्यात लांब बाह्या का, हे मी एकदाच विचारलं होतं. नंतर मी त्याच्या घरी गेले. आम्ही दोघं दारात इतक्या मोठ्यानं भांडलो की आजूबाजूच्या बायका पोरं घेऊन बाहेर आल्या. त्यानं माझ्यावर हात उगारला. मी म्हटलं, मार, पण एकच मारता येईल, दुसरा माझा असेल. तो हात त्यानं खाली घेतला, पण पोरीचं लग्न गोंदियाकडे ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला एका सरकारी खात्याच्या महिला संघाच्या प्रशिक्षक नागपूरहून येणार होत्या. एकच दिवस. सकाळी पोचणार आणि रात्रीच्या गाडीनं परत. त्यांना पोरगी आवडली तर निवड-चाचणीचं बोलावणं, आणि चाचणीत उतरली तर खेळाडूच्या कोट्यातली नोकरी. मी हे बापाला सांगितलं होतं, तेव्हा तो म्हणाला होता, "बोलावणं येऊ द्या. पण मी माह्या डोयानं पाहीन. नाचगाणं असंन, तर लग्न. खेळ असंन, तर पाहू." त्याच्यासारख्या माणसाच्या तोंडून 'पाहू' निघणं हीच मोठी गोष्ट होती. पण त्या आठवड्यात त्याची पहिली पाळी होती, पहाटेपासून दुपारी दोनपर्यंत.

म्हणजे सकाळी खेळलो तर प्रशिक्षक बघणार, बाप नाही. संध्याकाळी खेळलो आणि पाऊस आला नाही तर दोघंही बघणार. आला तर कोणीच नाही.

बैठकीतून मी तशीच मैदानावर गेले. पोरगी माती चाळत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि मोबाइल तिच्या हातात दिला. माझं डोकं अजून तापलेलं होतं, तरी तिला सगळं सरळ सांगितलं. आकडा काय म्हणतो, काय म्हणत नाही, सकाळी काय हाती लागेल, संध्याकाळी काय जाऊ शकतं. तुझं आयुष्य आहे, तू सांग.

ती बराच वेळ पडदा वरखाली सरकवत राहिली.

"बाबा म्हणे, चाळीस टक्के म्हणजे हलका पडते," ती म्हणाली. "भट्टीत जसं असते ना, मालात इतके टक्के हे, इतके टक्के ते. चाळीस म्हणजे चाळीस टक्केवाला पाऊस."

मला हसू आलं आणि रडूही आलं. जन्मभर ज्या माणसानं टक्का म्हणजे धातूत काय किती मिसळलंय एवढंच पाहिलं, तो दुसरं काय समजणार? मी म्हटलं, "तसं नाही. पडला तर पूर्णच्या पूर्ण पडू शकतो. गारासुद्धा. चाळीस हे पडेल की नाही याचं आहे."

"हव," ती म्हणाली. मग तिनं बोट एका जागी ठेवलं. "मॅडम, तीनच्या खाली दहा आहे."

"तीन वाजता?" मी ओरडलेच. "मरशील. एप्रिल आहे."

"बाबा दोनले सुटते. सायकलनं आला तरी तीनले पोचते."

"आणि ऊन? पावसाचे दहा टक्के आहेत, उन्हाचे शंभर."

"ऊन तर माहीत आहे ना. जे माहीत आहे, त्याची तयारी करता येते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "दहा म्हणजे काही शून्य नाही, हे समजते मले. पण चाळीसपेक्षा मले दहा पाहिजे."

मी परत समितीकडे गेले. या वेळी खुर्ची फेकली नाही, पण अध्यक्षांची कॉलर धरली. मला त्याची लाज वाटत नाही. ते म्हणाले, तीनला खेळवायचं तर खेळवा, पण माईक नाही, मंडप नाही, पाण्याचा टँकर नाही, आणि कोणाले लू लागून काही झालं तर तुम्ही जाणे. मी म्हटलं, चालेल. समोरचा संघ दुर्गकडचा. त्यांच्या बाईंना फोन केला, तर त्या एका वाक्यात तयार झाल्या : "चिखलात पोरींचे पाय तोडण्यापेक्षा घाम परवडला." प्रशिक्षकांनाही काही अडचण नव्हती. सकाळी उठल्या उठल्या मी अंदाज पुन्हा पाहिला, कारण आदल्या दिवशीचा आकडा शिळा होतो. आकडे तसेच होते.

तीन वाजता मैदान पेटलेलं होतं. पोरींच्या आयांनी घराघरातून बादल्या आणून माती भिजवली होती, फक्त धूळ बसेल इतकीच. गोल बाजारातून मी हिरवी जाळी आणली होती, ती बांबूवर ताणून दोन्ही बाजूंना सावली केली होती. मीठ-साखरेचं पाणी, ओले टॉवेल, आणि दर थोड्या वेळानं विश्रांती घ्यायची हे पंचांशी आधीच ठरवलेलं. बघायला माणसं किती? आया, काही रिकामटेकडी टोळकी आणि जाळीखाली छत्री धरून बसलेल्या प्रशिक्षक. बाप अजून आला नव्हता.

दुर्गच्या पोरी दांडग्या होत्या. त्यांची डाव्या कोपऱ्यातली तर रणगाडाच. पहिल्याच चढाईत तिनं माझ्या पोरीचा घोटा धरला आणि तिला अशी आपटली की जाळीखालून कोणीतरी 'आई गं' म्हणालं. पोरगी उठली. बाद होऊन बाहेर बसली, परत आत आली, आणि पुढच्या चढाईत पुन्हा तीच पकड, पुन्हा जमिनीवर, आणि वरून दोघी अंगावर. उठली तेव्हा खालचा ओठ फुटला होता, हनुवटीवर रक्त आणि माती. पंच थांबवू लागले, तिनं हातानंच नको म्हटलं. आमच्या पोरीही काही साध्या नव्हत्या. त्यांनी दुर्गच्या एका चढाईवालीला मध्यरेषेपाशी असं ओढलं की तिच्या कोपराची साल निघाली. उन्हात घामाबरोबर रक्ताचाही वास येत होता. बायकांच्या कबड्डीला हळवा खेळ समजणाऱ्यांना एकदा त्या जाळीखाली बसवायला पाहिजे.

मागच्या टोळक्यातल्या एकानं पोरींच्या कपड्यांवर काहीतरी घाण म्हटलं. मी जागेवरून उठले आणि त्याच्या कानाखाली ओढली. त्यानं माझा हात धरला, मी दुसऱ्या हातानं ओढली. त्याचे मित्र पुढे आले तशा आयाही पुढे आल्या, रिकाम्या बादल्या हातात घेऊन. एका आईनं बादली त्याच्या पाठीत घातली. टोळकं शिव्या देत मागं सरलं. सामना चालूच होता.

याच गडबडीत मी वर पाहिलं, तर आभाळाच्या कडेला एक पांढरा ढग वर चढत होता. दहा टक्के. तेव्हाच बाप दिसला, मैदानाच्या कोपऱ्यावर सायकल टेकवून उभा. अंगात कारखान्याचे काळवंडलेले कपडे, डोक्याला गमछा. जाळीखाली आला नाही, उन्हातच उभा राहिला.

त्यानं पाहिलं ते पहिलंच दृश्य म्हणजे त्याची पोरगी त्या रणगाड्याच्या हातात. दोन्ही मांड्या धरलेल्या, आणखी एकीनं कंबर धरलेली, आणि पोरगी हातांवर सरपटत मध्यरेषेकडे चाललेली. तोंडात 'कबड्डी कबड्डी', आवाज फाटलेला. एकीनं तिच्या पाठीवर उडी घेतली. बापानं सायकल सोडली, ती आडवी पडली. तो तरातरा रेषेपर्यंत आला. मी पळत त्याच्यासमोर गेले. मला वाटलं, आता हा आत घुसून कोणाला तरी मारणार, आणि ती पोरगी बाद, सामना बाद, सगळंच बाद.

"आत जाऊ नका," मी म्हटलं. "तुम्ही आत पाय ठेवला, तर ती हारली."

तो थांबला. त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. पोरगी एक वीत, मग आणखी अर्धी वीत सरकली आणि तिची बोटं मध्यरेषेला लागली. तिला धरणाऱ्या तिघी बाद. आमच्या पोरी किंचाळल्या, आया किंचाळल्या. पोरगी मातीत पालथी पडून खोकत होती. नंतर ती उठली आणि पुढच्या चढाईला उभी राहिली.

आम्ही थोड्या गुणांनी जिंकलो. प्रशिक्षक छत्री बंद करून पोरीकडे गेल्या, तिचा फुटलेला ओठ पाहिला, घोटा दाबून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, चाचणीला आणा. बापानं ते ऐकलं. त्यानं सायकल उचलली, तिचं वाकडं झालेलं हँडल गुडघ्यात धरून सरळ केलं आणि एका बाजूला जाऊन बसला. हो नाही, नाहीही नाही. पोरगी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तोंड धुवायला गेली.

सहाच्या सुमारास आभाळ काळं झालं. उरल्याकडे विजा चमकत होत्या. असा वारा आला की समितीच्या मंडपाचे खांब हलायला लागले. अध्यक्ष आणि त्यांची माणसं दोरांना लोंबकळली, एक पत्रा उडून भिंतीवर आदळला, खुर्च्या मैदानभर लोळल्या. डोळ्यांत माती, तोंडात माती. मी मनात म्हणत होते, ये, आता ये. माझी पोरगी खेळून झाली आहे, आता काय पडायचं ते पड.

नाही पडला. वारा तसाच निघून गेला, विजा दूर सरकल्या. मैदानावर एक थेंब नाही. सातला दिवे लागले, अख्खा पारा लोटला, माणसं भिंतींवर आणि छपरांवर चढली. मुलांचा सामना कोरड्या, थंड हवेत सुरू झाला. आजवर त्या मैदानावर इतकी गर्दी मी पाहिली नव्हती. माझ्या पोरींची ती गर्दी होती, खरं सांगायचं तर. वर्षानुवर्षं मागून मिळालेली.

अध्यक्षांनी माईक हातात घेतला.

"हमारी मॅडमने कहा था चालीस टक्का! भाइयों, छाता लाए हो क्या? मॅडम, कहाँ है आपका पानी? बेचारी बच्चियों को धूप में भून दिया!"

हशा उठला. कोणीतरी प्लास्टिकचा ग्लास माझ्या दिशेनं फेकला, त्यात थोडं पाणी होतं. 'ये लो मॅडम, बारिश.' ते माझ्या सदऱ्यावर सांडलं. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी माईककडे निघाले. त्या वेळी मी अध्यक्षांचे दात पाडले असते आणि मला अजिबात वाईट वाटलं नसतं.

मध्ये बाप आडवा आला.

तो इतका वेळ गेलाच नव्हता. पोरगीही त्याच्या मागोमाग आली, ओठाला ओला रुमाल लावून. बाप माझ्यासमोर उभा राहिला, आधी वर पाहिलं, मग दिव्यांकडे, मग त्या गर्दीकडे.

"इथं खेळली असती ना ही," तो म्हणाला. "इतक्या लोकांत. लाइटमध्ये. थंड्या हवेत. काहून जाळलं तिले उन्हात? पाणी तर आलं नाही."

त्याचा आवाज चढत होता. कालपासून ज्यांना ज्यांना समजावलं त्या सगळ्यांचा थकवा एकदम अंगावर आला. शिवाय त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जे गेलं ते गेलंच होतं, आणि ते मोठं होतं.

पोरीनं रुमाल काढला. बोलताना ओठातून पुन्हा रक्त आलं.

"बाबा, मॅडमनं नाही, मी सांगितलं तीनचं."

बाप तिच्याकडे वळला. तिची मान आपोआप थोडी मागं गेली. सवयच होती ती तिला. पण पाय हलले नाहीत.

"नाही पडला म्हणून चाळीसचं शून्य थोडीच होते?" ती म्हणाली. "दुपारी मले कुठं माहीत होतं, पडते का नाही पडत? तेव्हा तर चाळीसच होतं."

"आणि ह्या लाइटा? हे लोक?"

"लोकाहीनं पाहून मले काय भेटते? मले तुम्हीच पाहाले पाहिजे होते." तिनं हनुवटीवरचं रक्त मनगटानं पुसलं. "पाणी आलं असतं, तर तुम्ही मले कधीच पाहिलं नसतं, बाबा. मी गोंदियाले भांडे घासत राहिली असती, आणि तुम्हाले वाटलं असतं, पोट्टी नाचत होती."

माईकवर अध्यक्षांचं चालूच होतं. बाप पोरीकडे बघत होता. मी तिच्याजवळ सरकले, कारण त्याचा हात वर येताना मला दिसला आणि माझी मूठ आवळली गेली.

तो हात तिच्या तोंडापाशी गेला आणि थांबला. अंगठ्यानं त्यानं तिचा फुटलेला ओठ जरासा खाली ओढून पाहिला. त्या पोरीच्या अंगावरच्या इतक्या जखमा त्यानंच केलेल्या होत्या, पण जखम तपासायची कशी, हे त्याला येत नव्हतं. फार जोरात धरला. ती कळवळली, तसा त्यानं हात झटकन मागं घेतला.

"दुखते का?" त्यानं विचारलं.

पोरगी रडायला लागली. सामन्यात नाही, पट्ट्याचे वळ घेऊन सरावाला आली तेव्हा नाही, मी तिला रडताना आजवर कधीच पाहिलं नव्हतं. आता ती तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी रडत होती. बाप दोन्ही हात लोंबते सोडून उभा होता. ते कुठं ठेवावेत, हे त्याला समजत नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला आणि जवळजवळ भांडल्यासारखंच म्हणाला, "चाचणीले कोणत्या गाडीनं जा लागते? मी सुट्टी टाकतो. एकटी नाही पाठवत मी तिले."